बेरजेच्या रांगा काढा, पण फेकू नका

एका जुन्या छापील अहवालातला तक्ता समोर आहे. २०११च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची लोकसंख्या, विभागवार आणि जिल्हावार. पान स्कॅन झालं, ओसीआरने अक्षरं ओळखली, सगळं एक्सेलमध्ये उतरलं. आता पिव्हट टेबल केलं की विभागवार आकडे मिळणार, असं वाटतं. पिव्हट होतंही. पण त्यात पुणे विभागाची लोकसंख्या ९४,२९,४०८ दिसते, "(blank)" नावाचा एक भलामोठा गट तयार होतो आणि शेवटी राज्याची लोकसंख्या येते ३३,७१,२२,९९९.

एक्सेलने बेरीज चुकवलेली नाही. ३३ कोटी ७१ लाख हा राज्याच्या खऱ्या लोकसंख्येच्या, म्हणजे ११,२३,७४,३३३ च्या बरोबर तिप्पट आकडा आहे. तक्त्यात प्रत्येक माणूस तीनदा मोजला गेला: एकदा जिल्ह्याच्या रांगेत, एकदा 'विभाग एकूण'च्या रांगेत आणि एकदा 'राज्य एकूण'च्या रांगेत. उत्तर नेमकं दुप्पट किंवा तिप्पट आलं, तर बेरजेच्या रांगा आत राहिल्या आहेत असं समजायला हरकत नाही.

पुण्याचे ९४ लाख कुठून आले? छापताना विभागाचं नाव गटाच्या पहिल्या ओळीपुरतंच लिहितात, खालच्या ओळी कोऱ्या सोडतात. वाचणाऱ्याला ते सोयीचंच असतं, डोळा आपोआप वरचं नाव खाली नेतो. पिव्हटला तो डोळा नाही. त्याच्या लेखी प्रत्येक रांग स्वतंत्र असते. त्यामुळे पुणे विभागात एकटा पुणे जिल्हा मोजला गेला, आणि सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर निनावी गटात गेले.

म्हणून कामं दोन: नावं खालपर्यंत भरायची आणि बेरजेच्या रांगा काढायच्या. अनेक जण आधी रांगा काढतात. माझं मत उलट आहे. आधी नावं भरा, म्हणजे 'विभाग एकूण'च्या रांगेलाही तिच्या विभागाचं नाव मिळतं. ते का हवं, ते पुढे कळेल.

समजा A रकान्यात विभाग, B मध्ये जिल्हा, C मध्ये लोकसंख्या आहे. पहिली रांग शीर्षकांची, खाली ४२ रांगा: ३५ जिल्हे, सहा विभागांच्या बेरजा आणि एक राज्याची. हात लावण्यापूर्वी एका कोऱ्या रकान्यात १ ते ४२ क्रमांक टाका; पुढे काही उलटसुलट झालं तर मूळ क्रम परत मिळतो. जोडलेले सेल असतील तर ते सुटे करा. मग A2 ते A43 निवडून Ctrl+G दाबा, Special मध्ये Blanks निवडा. कोरे सेल तेवढे निवडले जातील. कुठेही क्लिक न करता = टाइप करा, वरचा बाण दाबा आणि Ctrl+Enter. प्रत्येक कोरा सेल आपल्या वरच्या सेलचं नाव घेतो. त्यानंतर तो रकाना कॉपी करून Paste Special मधून Values म्हणून परत चिकटवा. हे राहिलं तर आत सूत्रंच असतात, आणि पहिल्या सॉर्टला सगळ्या विभागांचा काला होतो.

काही सेल भरलेच नाहीत, तर ते कोरे नसतात, फक्त तसे दिसतात. ओसीआर तिथे एखादी स्पेस सोडून जातं. =LEN(A5) चं उत्तर शून्य नसेल तर तेच झालंय. जुन्या तक्त्यांत वरचंच नाव पुन्हा आहे हे दाखवायला 'कित्ता' लिहिलेलं किंवा दोन टिंबांची खूण असते. तीही आधी पुसून सेल खरोखर कोरा करावा लागतो.

आता बेरजेच्या रांगा. D2 मध्ये हे सूत्र लिहून खाली ओढा:

```
=IF(ISNUMBER(SEARCH("एकूण",B2)),"बेरीज","नोंद")
```

'बेरीज' लागलेल्या रांगा सात यायला हव्यात. सहाच आल्या तर ओसीआरने कुठेतरी 'एकुण' वाचलंय. बेरजेच्या ओळीत नुसतं 'पुणे विभाग' छापलं असेल तर जास्त जपा. सहापैकी पाच विभागांची नावं त्यांच्यातल्याच एकेका जिल्ह्याची नावं आहेत. अपवाद फक्त कोकणचा. 'पुणे' शोधून रांगा उडवल्या तर जिल्हाही जातो. तक्ता अनेक पानांचा असेल तर 'मागील पानावरून' ही रांगसुद्धा बेरीजच असते, तीही खुणेत घ्या.

या सात रांगा फिल्टर करून वेगळ्या शीटवर न्या आणि मग मूळ शीटमधून काढा. राज्याच्या बेरजेला वरचं 'नागपूर' चिकटलेलं असेल, ते बदला. नव्या शीटवर आता सहा विभागांची छापील बेरीज नावासकट आहे. आपलं काम तपासायला याहून चांगला साक्षीदार मिळणार नाही. मूळ शीटवर हे सूत्र चालवा:

```
=SUMIFS(C:C,A:A,"पुणे")
```

उत्तर २,३४,४९,०४९ आलं पाहिजे.

ते १,१०,१५,९०० आलं, असं समजा. म्हणजे फक्त सांगली, सोलापूर आणि कोल्हापूर मोजले गेले. कारण छपाईत असतं: पुष्कळ तक्त्यांत विभागाचं नाव पहिल्या ओळीशी नसून पाच ओळींच्या मधोमध छापतात. ओसीआरने 'पुणे' तिसऱ्या ओळीला, सांगलीपाशी टाकलं. खाली भरताना पुणे आणि सातारा हे जिल्हे वरच्या नाशिक विभागात गेले. या चुकीत राज्याची बेरीज तंतोतंत जुळते, कारण माणसं हरवलेली नाहीत, फक्त चुकीच्या घरी गेली आहेत. एकट्या राज्याच्या बेरजेवर विसंबणाऱ्याला हे कधीच कळत नाही. ही चूक विभागाच्या बेरजेतच सापडते. असा तक्ता असेल तर भरण्याआधी नाव गटाच्या पहिल्या ओळीवर हलवून घ्या.

फरक नेमका ५,००,००० निघाला, तर तो आकडा वाचण्यातला दोष. सोलापूरचे ४३,१७,७५६ ओसीआरने ४८,१७,७५६ वाचले; ३ चा ८ झाला. फरक बघूनच कोणत्या स्थानचा अंक बिघडला ते कळतं आणि मूळ पानावर तेवढीच जागा बघावी लागते. एखादा जिल्हा अख्खाच गळला, तर त्याचा आकडा मजकूर म्हणून बसलाय. देवनागरी अंक असले की हे हमखास होतं. तिथे =ISNUMBER(C2) ला FALSE येतं. दहाही अंक शोधून बदलले की काम होतं.

या तपासणीलाही मर्यादा आहे. एकाच विभागातल्या दोन जिल्ह्यांचे आकडे अदलाबदल झाले तर बेरीज जुळते आणि चूक लपते. म्हणून प्रत्येक विभागातल्या एक-दोन ओळी स्कॅनशी डोळ्यांनी ताडून बघाच. लिंग गुणोत्तरासारखा रकाना तर पिव्हटमध्ये बेरजेला घेऊच नका. राज्याचं ९२९ हे जिल्ह्यांच्या गुणोत्तरांची बेरीजही नाही आणि साधी सरासरीही नाही. त्यासाठी स्त्री-पुरुषांचे मूळ आकडेच लागतात.

शेवटी शीटमध्ये एकच शीर्षकओळ आणि ३५ रांगा उरतात. पिव्हट ११,२३,७४,३३३ दाखवतं, "(blank)" नाहीसं होतं. फाईल दुसऱ्याला पाठवताना छापील बेरजांची ती शीट सोबत राहू द्या, म्हणजे त्यालाही आपलं काम तपासता येईल.