शब्दाची ओळख शेजाऱ्यांवरून

चहा आणि कॉफी एका जातीच्या वस्तू आहेत, हे संगणकाला कोणी सांगत नाही. तरी भरपूर मजकूर वाचून तो ते स्वतःच ओळखतो. कसे, ते पाहू.

प्रत्येक शब्दाला आकड्यांची एक यादी दिली जाते, तिलाच एम्बेडिंग म्हणतात. २०१३ मध्ये गूगलमधील टोमास मिकोलोव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्ड२व्हेक ही पद्धत मांडली. तिच्या प्रसिद्ध इंग्रजी संचात प्रत्येक शब्दाला ३०० आकडे आहेत. सुरुवातीला हे आकडे वाटेल ते असतात. मग ‘आईने गरम चहा कपात ओतला’ असे वाक्य येते. ‘चहा’च्या आकड्यांवरून ‘गरम’, ‘कपात’, ‘ओतला’ हे शेजारी ओळखता यावेत, म्हणून ते आकडे किंचित बदलले जातात. त्याच वेळी ‘न्यायालय’सारखे काही शब्द चिठ्ठ्या टाकल्यासारखे उचलून, ते ‘चहा’चे शेजारी ठरू नयेत असाही बदल होतो. हे कोट्यवधी वेळा घडते. ‘कॉफी’चेही शेजारी जवळपास तेच असल्याने तिचे आकडे त्याच दिशेला ढकलले जातात. चहा आणि कॉफी एकाही वाक्यात एकत्र आले नाहीत, तरी ते जवळ येतात.

ही जवळीक मोजता येते. सोयीसाठी दोनच आकडे मानू: चहा (०.९, ०.२), कॉफी (०.८, ०.३), न्यायालय (०.१, ०.९). प्रत्येक जोडी आलेखावर बाणासारखी काढली, तर दोन बाणांमधला कोन जितका लहान, तितके त्यांचे साम्य १ च्या जवळ जाते. चहा-कॉफीचे साम्य ०.९९ येते, चहा-न्यायालयाचे जेमतेम ०.३२.

पण मोजला जातो तो शेजार, अर्थ नव्हे. ‘गरम’ आणि ‘थंड’ हे शब्द पाणी, हवा, जेवण यांच्याच आसपास येतात. त्यामुळे विरुद्धार्थी असूनही ते जवळ बसतात. गळ्यातला हार आणि निवडणुकीतली हार यांनाही एकच यादी मिळते आणि दोन्ही अर्थ तिच्यात मिसळतात. २०१८ मधल्या बर्टसारख्या पद्धती वाक्यागणिक वेगळी यादी काढतात, तेव्हा हा घोळ बराच कमी होतो.

मराठीत आणखी एक अडचण आहे. घर, घरात, घरापासून, घरासमोरचा हे सगळे वेगवेगळे शब्द धरले, तर त्यातले काही मजकुरात क्वचितच सापडतात आणि त्यांचे आकडे कच्चे राहतात. फेसबुकच्या फास्टटेक्स्टने शब्दाचे अक्षरतुकडे पाडून त्यांनाही आकडे दिले. त्यामुळे ‘घरासमोरचा’ पूर्वी कधी दिसला नसला, तरी ‘घरा’सारख्या तुकड्यांवरून त्याची जागा अंदाजाने ठरते.

एम्बेडिंग नीट जमले का, हे पाहायला एखाद्या शब्दाचे सर्वांत जवळचे दहा शब्द काढावेत. ‘हार’च्या यादीत फुले आणि पराभव शेजारी-शेजारी आले, की घोळ लगेच कळतो.