चिवड्याच्या पाकिटाची सुरकुती

छपाईआधी चिवड्याच्या पाकिटाचा नमुना संगणकावर तयार होतो. तो खोटा वाटला, तर दोष बहुधा सुरकुत्यांचा असतो. ‘चुरगळलेलं पाकीट’ एवढंच सांगितलं, की चित्रकार सगळीकडे सारख्याच घड्या पाडतो. खऱ्या पाकिटाची वरची-खालची सीलपट्टी सपाट आणि बारीक रेघांची असते. तिथे उष्णतेने आतले प्लास्टिकचे थर एकजीव झालेले असतात. सुरकुत्या तिच्या कडेपासून निघतात आणि फुगलेल्या पोटाकडे जाताना विरतात. छापील अक्षरंही त्यांच्याबरोबर किंचित वाकायला हवीत, नाहीतर ती वरून चिकटवल्यासारखी दिसतात. मॅट छपाईवर उजेड मऊ, पसरट पडतो. लखलख हवीच असेल तर शाई आणि मॅट लेप टाळून उघड्या ठेवलेल्या चंदेरी भागापुरतीच मागावी.