लॉटरीचा नाद विकार केव्हा ठरतो

शौक आणि विकार

महाराष्ट्र राज्य लॉटरी १९६९ पासून चालू आहे. सणासुदीला एखादे तिकीट घेऊन निकालानंतर ते विसरून जाणाऱ्याला विकार नसतो. जागतिक आरोग्य संघटनेने आयसीडी-११ या वर्गीकरणात जुगाराचा विकार व्यसनांच्या गटात ठेवला आहे. पैसे किती गेले, हा तिथला निकष नाही. खेळावरचा ताबा सुटणे, कामधंद्यापेक्षा खेळ वरचढ होणे आणि नुकसान दिसत असूनही तो न थांबणे, ही लक्षणे पाहिली जातात. बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात लॉटरीचा नाद पुष्कळदा वरली-मटक्याला जाऊन मिळतो. एकेरी आकड्यावरची सोडत १९९८ च्या लॉटरी कायद्याने वर्ज्य आहे. मटक्याचा मुख्य आधार नेमका एकेरी आकडाच.

तूट भरून काढण्याचा फेरा

गेलेले पैसे परत मिळवण्यासाठी खेळणे, हे सर्वांत बोलके लक्षण. सोयाबीनची पट्टी हाती आल्यावर एखादा शेतकरी रोज १०० रुपये एकेरी आकड्यावर लावतो, असे समजू. आकडा लागल्यास नऊपट मिळतात, पण लागण्याची शक्यता दहात एक. दहा दिवसांत १,००० रुपये जाऊन सरासरी ९०० परत येतात. ही तूट खुपत नाही, म्हणूनच खेळ रेंगाळतो. पुढे निकाल टिपण्याची वही येते. वहीत दिसते, की सात हा आकडा दहा सोडतींत आलेला नाही. मग आता तो येणारच, म्हणून ५०० लावले जातात. वास्तविक ठरावीक आकडा सलग दहा वेळा न येण्याची शक्यता सुमारे ३५ टक्के असते, म्हणजे त्यात नवल काहीच नाही. अकराव्या वेळीही सात येण्याची शक्यता दहात एकच राहते. शक्यता तीच, पण तूट मात्र पाचपट वेगाने वाढू लागते.

घरात दिसणाऱ्या खुणा

खताचे किंवा शाळेच्या फीचे पैसे 'दोन दिवसांत देतो' म्हणून अडतात, निकालाच्या वेळी माणूस अस्वस्थ होतो, उसनवारीची कारणे बदलत जातात. खेळ थांबवल्यावर येणारी चिडचिड आणि झोपमोडही याच साखळीतली. पार्किन्सनच्या काही औषधांनीही असा नाद अचानक जडू शकतो. ही शंका डॉक्टरांपुढे मांडावी, औषध परस्पर बंद करू नये.

आधार कुठे

टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे. ती मराठीतही बोलते आणि खेळणारा तयार नसला तरी घरच्यांना फोन करता येतो. प्रत्यक्ष तपासणीसाठी बुलढाण्याच्या जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात विचारणा करावी. उपचारात समुपदेशन मुख्य असते. 'आता येणारच' हा समज तिथे उलगडून तपासला जातो आणि पैशांचे व्यवहार काही काळ घरातल्या विश्वासू व्यक्तीकडे सोपवले जातात. आत्महत्येचे विचार बोलून दाखवले गेले, तर माणसाला एकटे न सोडता लगेच १४४१६ किंवा ११२ ला फोन करावा.

कर्जाचा वेगळा रस्ता

समुपदेशनाने देणी फिटत नाहीत. परवान्याशिवाय सावकारी करणाऱ्याने जमीन लिहून घेतली असेल, तर २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याखाली सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करता येते. मोफत कायदेशीर सल्ल्यासाठी विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा क्रमांक आहे.