रेष नव्हे, पट्टा

या आठवड्यात व्हॉल्यूमवर लिहिणार होतो, ते पुढच्या आठवड्यावर टाकतो. अमरावतीच्या एका डाळ मिलवाल्या वाचकांचा फोन आला आणि बेत बदलला. ब्रेकआउट झाल्यावर लगेच न घेता रिटेस्टसाठी थांबा, असं मी आधी लिहिलं होतं. "भाऊ, तुम्ही म्हटलं तसं थांबलो. भाव फुटलेल्या रेषेवर परत आला, तवा घेतला. मंग थोडा खाली गेला, माहा स्टॉपलॉस खाल्ला अन् वर पयाला!" स्टॉपलॉस कुठे होता, असं विचारलं. म्हणाले, रेषेच्या दोन रुपये खाली.

गोम तिथंच आहे. जुन्या तेजीत सोयाबीन न विकता घरात थप्पी लावून बसलेले शेतकरी अकोल्याच्या बाजार समितीत पाहा. भाव परत तिथं आला की विकू, असं सगळेच म्हणतात, पण प्रत्येकाचं 'तिथं' वेगळं असतं. कोणी हर्रासातला आकडा धरतो, कोणी त्यात हमाली आणि गाडीभाडं मिळवतो. शेअर बाजारातही जुन्या शिखरावर अडकलेल्यांची मुद्दल एका आकड्यावर सुटत नाही. म्हणून रेझिस्टन्स काढताना मी पेन्सिल आडवी धरून जाड पट्टाच ओढतो.

२०१७ची निफ्टी घ्या. ४ मार्च २०१५ला रिझर्व्ह बँकेने अचानक रेपो दर पाव टक्क्याने कमी केला, त्या दिवशी निफ्टीने ९,११९चं शिखर केलं आणि तिथून ती घसरत गेली. पुढच्या वर्षी फेब्रुवारीअखेर ती ७,०००च्याही खाली होती. वर घेतलेले लोक दोन वर्षं अडकून पडले. मग ११ मार्च २०१७ला उत्तर प्रदेशचा निकाल लागला, सोमवारी धुळवडीची सुट्टी, आणि मंगळवारी बाजार उघडताच निफ्टी थेट त्या जुन्या शिखरापाशी. १६ तारखेला ती ९,१५४च्या आसपास बंद झाली. ब्रेकआउट झाला.

आठवडाभरात, २२ मार्चला, ती ९,०३०वर! रेषेच्या जवळजवळ ९० अंक खाली. हा रिटेस्ट टिकला नाही. क्लोजिंगच पट्ट्याखाली गेलं तर मी हात लावत नाही. दिवसात भाव खाली डोकावून क्लोजिंगला वर आला, तर ती वेगळी गोष्ट. मात्र असा रिटेस्ट फसला म्हणून ब्रेकआउट कायमचा मेला, असं मी तेव्हा समजलो आणि ते चुकलं. निफ्टी पुन्हा चढली, ५ एप्रिलला ९,२६५ झाली आणि दुसऱ्यांदा खाली आली.

आता १८ ते २१ एप्रिलची चार क्लोजिंग पाहा: साधारण ९,१०५, ९,१०३, ९,१३६ आणि ९,११९. दोन रेषेच्या खाली, एक वर, एक बरोब्बर रेषेवर. रेष मानणारा माणूस यात वेडा होईल. पट्टा मानणाऱ्याला एवढंच दिसतं, की चार दिवस विकणारे आले आणि क्लोजिंगला भाव त्यांना ९,१००च्या खाली नेता आला नाही. अडकलेले सुटून जात होते, कोणीतरी त्यांचा माल उचलत होतं. टिकणं म्हणतात ते हे. पण खरेदी अजून नाही. २४ एप्रिलला ती ९,२१८वर बंद झाली, त्या चार दिवसांतून वर निघाली, तेव्हा खरेदी. स्टॉपलॉस त्या चार दिवसांच्या नीचांकाच्या थोडा खाली, म्हणजे ९,०६०च्या आसपास धरा. धोका सुमारे १५८ अंकांचा. दुसऱ्याच दिवशी ती ९,३००च्या वर बंद झाली.

हिशेब नीट पाहिलात का? १६ मार्चला घाईने घेणाऱ्याला माल ९,१५४ला मिळाला, थांबणाऱ्याला ९,२१८ला. थांबणं ६४ अंकांनी महाग पडलं. रिटेस्टमध्ये स्वस्त मिळतं, असं सांगणारे बरेच भेटतात. अनेकदा मिळतंही, पण या वेळी मिळालं नाही. हातात आलं ते एवढंच, की स्टॉपलॉस कुठे लावायचा हे बाजारानेच दाखवलं. मार्चमध्ये रेषेच्या जरा खाली स्टॉप लावलेला माणूस २२ तारखेपर्यंत बाहेर फेकला गेला होता.

आणि कधी कधी रिटेस्ट येतच नाही. जानेवारी २००८चं ६,३५७चं शिखर ९ डिसेंबर २०१३ला, चार राज्यांच्या निकालानंतर, जेमतेम सहा-सात अंकांनी क्लोजिंगला ओलांडलं गेलं. चार दिवसांत निफ्टी ६,१७०च्या घरात. तिथं थांबणारा वाचला. मार्च २०१४मध्ये तीच पातळी पुन्हा फुटली, तेव्हा तोच माणूस परत थांबला. भाव ६,४००च्या वरच घुटमळला, पट्ट्याला शिवलाच नाही, आणि १६ मे रोजी लोकसभेच्या निकालादिवशी निफ्टी ७,२००वर बंद झाली.

डाळ मिलवाल्यांना मी हे सगळं फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "मंग स्टॉप खाली नेला तर नुकसान मोठं होते ना?" होतं. म्हणून त्याच प्रमाणात माल कमी घ्यायचा. दोन रुपयांच्या स्टॉपवर ते शंभर शेअर घेत होते, म्हणजे धोका दोनशे रुपयांचा. पट्ट्याखालचा स्टॉप आठ रुपये लांब पडत असेल, तर तेवढ्याच दोनशेत पंचवीस शेअर बसतात.