तीन वर्षं दहा महिने की तीन वर्षं एक महिना?

व्हिडिओ कॉलवरच्या मुलाखतीला दोन मिनिटंही झालेली नसतात. समोरचा मॅनेजर कागदावरून वाचतो, ‘‘अनुभव तीन वर्षं एक महिना, सध्या अमुक बँकेत नोकरी, नोटीस पिरियड तीस दिवस. बरोबर?’’ उमेदवार गोंधळते, कारण तिन्ही गोष्टी चूक आहेत. तिचा अनुभव तीन वर्षं दहा महिन्यांचा आहे. ती बँकेच्या कामावर असली, तरी तिचा पगार एक स्टाफिंग कंपनी देते. आणि नियुक्तिपत्रात नोटीस पिरियड साठ दिवसांचा आहे. तिच्या बायोडेटात यातलं काहीच चुकीचं नव्हतं.

हे उदाहरण नमुन्याचं आहे, पण पुण्या-बंगळुरूच्या आयटी क्षेत्रात कन्सल्टन्सीमार्फत नोकरी शोधणाऱ्यांना त्यात नवं काही वाटणार नाही. उमेदवार बायोडेटा पाठवतो तो रिक्रूटरला. रिक्रूटर त्यातले ठळक तपशील एक्सेलच्या एका ओळीत भरतो. एकूण अनुभव, सध्याची कंपनी, सध्याचा आणि अपेक्षित पगार, नोटीस पिरियड असे रकाने असलेल्या या तक्त्याला ‘ट्रॅकर’ म्हणतात. बायोडेटा कन्सल्टन्सीच्या साच्यात नव्याने बसवला जातो, आणि दोन्ही गोष्टी क्लायंट कंपनीकडे मेलने किंवा तिच्या पोर्टलवर जातात. बरेचदा मुलाखत घेणाऱ्यासमोर असते ती ही नवी प्रत. उमेदवाराने ती पाहिलेलीच नसते.

या वाटेत चुका होतात, पण सगळ्या एका जातीच्या नसतात. तीन वर्षं दहा महिने हे ट्रॅकरमध्ये ‘3.10’ असं लिहायची पद्धत आहे. एक्सेल त्याला साधी दशांश संख्या समजतं, शेवटचं शून्य गाळतं आणि ‘3.1’ दाखवतं. नऊ महिने एंटर दाबताक्षणी गायब होतात. इथे कुणाचाच वाईट हेतू नसतो.

कंपनीच्या नावाची गोष्ट वेगळी. स्टाफिंग कंपनीपेक्षा बँकेचं नाव वजनदार दिसतं, म्हणून ते पुढे ओढलं जातं. क्लायंटला माणूस लवकर हवा असतो, म्हणून साठाचे तीस होतात. ‘‘मॅडम, तेवढं चालतं. सिलेक्शन झालं की बघू,’’ हे यावरचं ठरलेलं उत्तर.

ते किती काळ चालतं, हे पार्श्वभूमी पडताळणीत कळतं. ऑफर स्वीकारल्यावर, कधी रुजू झाल्यानंतरही, क्लायंटने नेमलेली संस्था मागच्या नोकऱ्या तपासते. तिथे भविष्य निर्वाह निधीची नोंद मोठा साक्षीदार ठरते. 2014पासून सुरू झालेल्या बारा अंकी यूएएन क्रमांकाखाली प्रत्येक नोकरीतल्या मालकाचं नाव आणि रुजू झाल्याची तारीख दिसते. निधी स्टाफिंग कंपनीने भरला असेल, तर नोंदीत तिचंच नाव येणार, बँकेचं नाही. मग अहवालात ‘तफावत’ असा शेरा पडतो, आणि खुलासा रिक्रूटरकडे नाही, उमेदवाराकडे मागितला जातो. पडताळणीच्या फॉर्मवर सही तिचीच असते.

म्हणून आपल्या उमेदवाराने दुरुस्ती सुरू केली ती मुलाखतीतच. तिने मॅनेजरला सांगितलं, ‘‘सर, तुमच्याकडच्या प्रतीत तीन तपशील वेगळे दिसताहेत. खरे असे आहेत, आणि कन्सल्टन्सीकडून मी आजच लेखी दुरुस्ती पाठवायला सांगते.’’ रिक्रूटरला दोष देण्यात तिने वेळ घालवला नाही. मॅनेजरने टिपून घेतलं आणि मुलाखत पुढे सरकली.

नंतर तिने रिक्रूटरला फोन केला आणि आधी एकच मागितलं: क्लायंटला प्रत्यक्षात काय गेलं, त्याची प्रत. ही प्रत हातात नसेल, तर तक्रार ऐकीव राहते. शिवाय आपल्याला ठाऊक नसलेली चौथी चूकही तिथेच सापडू शकते. फोन संपल्यावर त्याच दिवशी मेल गेला. क्षेत्राच्या रिवाजानुसार इंग्रजीत, पण मजकूर साधारण असा:

‘‘या पदासाठी माझी जी माहिती पाठवली आहे, तीत पुढील तीन दुरुस्त्या कराव्यात. एकूण अनुभव: 3.1 असं लिहिलं आहे, 5 जुलै 2021 ते आज, म्हणजे 3 वर्षं 10 महिने असं हवं. सध्याची कंपनी: बँकेचं नाव आहे, तिथे माझ्या स्टाफिंग कंपनीचं नाव हवं, बँकेचा उल्लेख ‘क्लायंट’ म्हणून करावा. नोटीस पिरियड: 30 दिवस लिहिला आहे, 60 दिवस हवा. सोबत माझा मूळ बायोडेटा आणि भविष्य निर्वाह निधीच्या नोंदीचं पान जोडलं आहे. दुरुस्त माहिती क्लायंटला पाठवून त्या मेलच्या प्रतीत मलाही ठेवावं.’’

मेलमधलं शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. रिक्रूटरने आपल्या ट्रॅकरमध्ये आकडा बदलला, तरी क्लायंटच्या पोर्टलवर जुनाच राहू शकतो. काही पोर्टलवर एकदा सादर केलेली माहिती बदलताच येत नाही. मग अर्ज मागे घेऊन पुन्हा भरावा लागतो किंवा क्लायंटच्या एचआरला कळवून तिथून बदल करून घ्यावा लागतो. ‘करतो’ या शब्दावर न थांबता ‘झालं का?’ असं दोन दिवसांनी विचारावं लागतं ते यामुळे.

जोडलेलं पान तिने भविष्य निर्वाह निधीच्या मेंबर पोर्टलवर `View` खालच्या `Service History` मधून घेतलं आणि यूएएनचे मधले आकडे झाकले. आधार किंवा पगाराच्या पावत्या जोडल्या नाहीत. या तीन दुरुस्त्यांना त्यांची गरजच नव्हती. पान पाठवण्याआधी तिने तेही तपासलं, कारण चूक त्या नोंदीतही असू शकते. जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीखच भरलेली नसते, हा नेहमीचा अनुभव. आणि पहिले काही महिने निव्वळ विद्यावेतनावर काम केलं असेल, तर ते बहुधा तिथे दिसतच नाहीत. असे महिने अनुभवात धरले असतील, तर तसं वेगळं लिहिलेलं बरं.

रिक्रूटरने टाळाटाळ केली, तर दुसऱ्या कन्सल्टन्सीमार्फत त्याच जागेसाठी जावं असं सहज मनात येतं. ते सोपं नसतं. ज्या कन्सल्टन्सीने नाव आधी दिलं तिचाच त्या उमेदवारावर काही महिने हक्क, असा अनेक क्लायंटचा नियम असतो. दुसरीकडून आलेलं तेच नाव ‘डुप्लिकेट’ ठरून बाहेर पडतं. तेव्हा आधी पहिल्या कन्सल्टन्सीच्या वरिष्ठाला तोच मेल पुन्हा पाठवावा, आणि तरीही काही हललं नाही, तर अर्ज मागे घेत असल्याचं लेखी कळवावं.

कायद्याचा आधारही आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा 2023मध्ये आपली माहिती दुरुस्त करून घेण्याचा हक्क दिला आहे. त्याचे नियम नोव्हेंबर 2025मध्ये जाहीर झाले, आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. पण हाच कायदा माहिती दुरुस्त करून मागणाऱ्यावरही बंधन घालतो: दिलेली माहिती पडताळता येण्याजोगी, खरी हवी. अनुभव फुगवून घेण्यासाठी त्याचा उपयोग नाही.

आपल्या उमेदवाराला दोन दिवसांनी क्लायंटला गेलेल्या मेलची प्रत मिळाली. रिक्रूटरने अनुभवाचा रकाना आता आकड्यांऐवजी अक्षरांत लिहायला घेतला होता. त्याच रकान्यात इतरांच्या नावांसमोर 2.1, 5.1 असे आकडे होते. त्यातले एक महिन्याचे कोणते आणि दहा महिन्यांचे कोणते, हे कळायला त्याला एकेकाला फोन लावावा लागला.