स्क्रॅबल: अक्षरे बदलावीत की खपवावीत?

इंग्रजी स्क्रॅबलमध्ये रॅकवरची सात अक्षरे बिघडली की खेळाडूपुढे दोन वाटा असतात. जमेल तो छोटा शब्द लावून नकोशी अक्षरे हळूहळू खपवायची, किंवा डाव सोडून ती पिशवीतल्या अक्षरांशी बदलायची. बदलले तर त्या खेपेला गुण शून्य. नवखे खेळाडू या शून्याला घाबरतात आणि तिथेच बहुधा चुकतात, कारण शब्दाचे गुण हा हिशेबाचा निम्माच भाग असतो. रॅकवर मागे काय उरते, हा दुसरा.

समजा, पहिलीच खेळी आहे आणि हाती तीन ‘आय’, दोन ‘यू’, एक ‘एन’ आणि एक ‘टी’ आले आहेत. यातून ‘युनिट’ हा शब्द होतो. चारही अक्षरे एकेका गुणाची. मधल्या चांदणीवर दुप्पट होऊन गुण आठ. मागे उरतात दोन ‘आय’ आणि एक ‘यू’. पिशवीतून चार नवी अक्षरे आली तरी हे तीन स्वर अडून बसतात आणि पुढची खेळीही आठ-दहा गुणांवर आटोपण्याची भीती राहते. सातही अक्षरे एकदम लावल्यावर मिळणारे 50 जादा गुण तर दूरच.

याउलट ‘एन’ आणि ‘टी’ ठेवून पाचही स्वर बदलले तर? न दिसलेल्या 93 अक्षरांत आता ‘आय’ सहा आणि ‘यू’ दोनच आहेत, व्यंजने मात्र 54. शिवाय नियमाप्रमाणे नवी अक्षरे आधी उचलायची आणि जुनी नंतर पिशवीत टाकायची असतात, त्यामुळे टाकलेलीच पुन्हा हाती येत नाहीत. इथे आठ गुणांवर पाणी सोडणेच शहाणपणाचे.

हाच ‘युनिट’ डावाच्या मध्यावर तिप्पट घरात बसून वीस-बावीस गुण देत असेल, तर मात्र तो लावावा. एवढी कमाई सहसा सोडू नये. मागे उरणारी अक्षरे बरी असतील, तर बारा-चौदा गुणांचा शब्दही पुरतो.

किती अक्षरे बदलली, हे प्रतिस्पर्ध्याला दिसतेच. एकच बदलले, तर उरलेली सहा चांगली आहेत हे तो ओळखतो आणि मोठ्या शब्दाच्या जागा अडवू लागतो. तरीही केवळ त्याला चकवण्यासाठी चांगले अक्षर टाकणे महागात पडते.

पिशवीत सातपेक्षा कमी अक्षरे उरली की बदलण्याची मुभा संपते. तोवर ‘क्यू’ हाती राहिला, तर तो बोर्डावरच खपवावा लागतो. नाही खपला, तर शेवटी त्याचे दहा गुण स्वतःच्या खात्यातून वजा होतात आणि आधी रॅक रिकामा करणाऱ्याला मिळतात. म्हणून ‘क्यू’ असलेल्या खेळाडूने पिशवीत आठ-दहा अक्षरे राहिली असतानाच निर्णय घ्यावा.