फोटोतला गुणतक्ता आणि पुसट सहा

२३ जून २०१० रोजी फुटबॉल विश्वचषकाच्या ड गटातले शेवटचे दोन सामने एकाच वेळी खेळले गेले. जोहान्सबर्गमध्ये जर्मनीने घानाला १-० असं हरवलं, तर तिकडे नेल्स्प्रुइटला ऑस्ट्रेलियाने सर्बियावर २-१ अशी मात केली. जर्मनी सहा गुणांसह गटात पहिली. घाना आणि ऑस्ट्रेलिया यांचे मात्र चार-चार गुण, आणि पुढच्या फेरीत जागा उरलेली एकच.

समजा, त्या गटाचा गुणतक्ता कुणीतरी कात्रणवहीत चिकटवून ठेवला होता. आज त्याचा मोबाइलवर काढलेला फोटो तुमच्याकडे आला आहे: जरा तिरका, एका कोपऱ्यात दिव्याची चमक आणि घडीच्या रेषेवर शाई उडालेली. डावीकडचा क्रमांकाचा रकाना तर फोटोत आलेलाच नाही. मग क्रम लावायचा कसा?

सर्वांत आधी गुण आणि गोलफरक हे दोन रकाने हाताने झाकून टाकायचे. हे दोन्ही आकडे इतर आकड्यांवरून काढलेले असतात. मूळ माहिती विजय, बरोबरी, पराभव, केलेले गोल आणि स्वीकारलेले गोल एवढीच. मग एक सपाट पट्टी घेऊन ती एकेका संघाच्या ओळीखाली ठेवायची आणि ओळ पुरी उतरवून झाल्याशिवाय पुढे सरकायचं नाही. तिरक्या फोटोत रकान्यांवरून उभं वाचत गेलं की उजवीकडे पोहोचेपर्यंत एका संघाचे गोल दुसऱ्याच्या नावावर जातात. उतरवल्यावर आपल्या गटाचं चित्र असं दिसेल:

| संघ | विजय | बरोबरी | पराभव | केलेले | स्वीकारलेले |
|---|---|---|---|---|---|
| जर्मनी | २ | ० | १ | ५ | १ |
| घाना | १ | १ | १ | २ | २ |
| ऑस्ट्रेलिया | १ | १ | १ | ३ | ० |
| सर्बिया | १ | ० | २ | २ | ३ |

गुण काढणं सोपं. विजयाला तीन, बरोबरीला एक. जर्मनी ६, घाना ४, ऑस्ट्रेलिया ४, सर्बिया ३. बरोबरी फोडायला गोलफरक: घानाचे दोन वजा दोन म्हणजे शून्य, ऑस्ट्रेलियाचे तीन वजा शून्य म्हणजे अधिक तीन. म्हणजे ऑस्ट्रेलिया दुसरी आणि घाना घरी. प्रत्यक्षात घडलं नेमकं उलटं. मग चुकलं कुठे?

चूक त्या तक्त्यातच बसलेली आहे, आणि ती शोधायला विश्वचषकाचा इतिहास माहीत असण्याची गरज नाही. गटातल्या कुणीही केलेला प्रत्येक गोल गटातल्याच दुसऱ्या कुणावर तरी झालेला असतो. त्यामुळे केलेल्या गोलांची बेरीज आणि स्वीकारलेल्या गोलांची बेरीज सारखीच यायला हवी. इथे पहिली येते १२ आणि दुसरी ६. सहा गोल कुठेतरी हरवले आहेत. संशय कुणावर घ्यायचा, तेही तक्ताच सांगतो. ऑस्ट्रेलियाच्या नावावर एक पराभव आहे, आणि एकही गोल न स्वीकारता सामना हरता येत नाही. म्हणजे तो शून्य खोटा. उरलेल्या तीन संघांनी मिळून सहा स्वीकारले आहेत. बारातून सहा गेले, राहिले सहा. घडीवर ज्याची शेपटी उडाली आणि जो शून्यासारखा दिसला, तो मुळात सहाचा आकडा होता. आता ऑस्ट्रेलियाचा गोलफरक उणे तीन होतो आणि घाना पुढे जाते. डर्बनला जर्मनीने ऑस्ट्रेलियाला चार गोलांनी लोळवलं होतं, त्याचीच ही किंमत. गंमत अशी की घानाने गटात दोनच गोल केले होते, तेही दोन्ही असामोआ ग्यानने पेनल्टीवर.

विजय आणि पराभव यांचंही तसंच. एकाचा विजय हा दुसऱ्याचा पराभव, म्हणून दोन्ही बेरजा सारख्या हव्यात. इथे त्या पाच-पाच आहेत. बरोबरी नेहमी दोघांत होते, म्हणून तिची बेरीज सम यायला हवी, इथे दोन. लीग निम्म्यावर असताना संघांचे सामने कमीजास्त झालेले असतात, तेव्हाही हे नियम मोडत नाहीत. मात्र सगळे संघ फोटोत हवेत. तळाच्या दोन ओळी कापल्या गेल्या असतील तर बेरजा जुळणार नाहीत आणि त्या न जुळण्याला काही अर्थही नसेल.

या बेरजांना न दिसणारी चूकही असते. दोन संघांच्या गोलांची अदलाबदल झाली तर उभ्या बेरजा जशाच्या तशा राहतात. तिथे आडवी तपासणी लागते: विजय, बरोबरी, पराभव मिळून सामन्यांची संख्या येते का, आणि आपण काढलेला गोलफरक छापील गोलफरकाशी जुळतो का. झाकलेले रकाने आता उघडायचे, पण केवळ ताडून पाहायला. फोटोत सगळ्यात आधी गायब होते ती उणेची बारीक रेघ. त्यामुळे छापील ३ आणि आपले उणे ३ असा फरक आला, तर मी बिनधास्त आपल्या वजाबाकीवर विश्वास ठेवीन.

छापील गुणांच्या बाबतीत मात्र हा बिनधास्तपणा चालत नाही. १९९६-९७ च्या इंग्लिश प्रीमियर लीगच्या तक्त्यात मिडल्सब्रोच्या ओळीत १० विजय आणि १२ बरोबरी दिसतात. हिशेबाने ४२ गुण व्हायला हवेत, पण छापलेले असतात ३९. ही ना छपाईची चूक, ना फोटोची. खेळाडू आजारी असल्याचं सांगून संघ डिसेंबरमध्ये ब्लॅकबर्नविरुद्धच्या सामन्याला गेलाच नव्हता, म्हणून त्याचे तीन गुण कापले गेले. ४१ गुणांवर कव्हेंट्री वाचला आणि मिडल्सब्रो खालच्या श्रेणीत गेला. म्हणून आपले गुण आणि छापील गुण यांत एकाच संघापुरता फरक दिसला आणि बाकी सगळं जुळत असलं, तर त्या संघाच्या नावाशेजारी चांदणी आहे का, तक्त्याखाली बारीक अक्षरात टीप आहे का, ते बघायचं. फरक सगळ्याच संघांत दिसला तर तक्ता जुना आहे. इंग्लंडमध्ये १९८१ पर्यंत आणि विश्वचषकात १९९४ च्या आधी विजयाला दोनच गुण मिळत.

सगळं जुळलं, तरी बरोबरी गोलफरकानेच फोडायची हे त्या स्पर्धेच्या नियमांत आहे का, हा प्रश्न राहतोच. २००६-०७ च्या स्पॅनिश लीगमध्ये रेआल माद्रिद आणि बार्सिलोना दोघांचे ७६ गुण झाले. बार्सिलोनाचा गोलफरक अधिक ४५, माद्रिदचा अधिक २६. विजेता ठरला माद्रिद, कारण तिथे आधी दोघांचे आपसातले सामने पाहतात. मुंबईच्या चाहत्यांवर अशी वेळ आली नाही. २०२०-२१ ची इंडियन सुपर लीग सगळी गोव्यात झाली. शेवटच्या साखळी सामन्यात बांबोळीला मुंबई सिटीने एटीके मोहन बागानला २-० हरवलं आणि दोघांचे ४०-४० गुण झाले. मुंबईचा गोलफरक सरस होता आणि आपसातले दोन्ही सामनेही तिनेच जिंकले होते, त्यामुळे कोणताही नियम लावला तरी पहिला क्रमांक तिचाच. पण यातलं गोलफरकाचं तेवढं फोटोवरून काढता येतं. आपसातले निकाल गुणतक्त्यात छापलेलेच नसतात. त्यासाठी निकालांचं पान वेगळं शोधावं लागतं.